वीज झाडावर पडली, मग म्हैस का मेली?

समजा, १ मेला झेंडावंदन आटोपून ग्रामसभा बसली आहे. गाव उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. ऊसतोडीला गेलेली माणसं कोयते घेऊन परत आली आहेत, त्यामुळे दिवाळीनंतर पहिल्यांदाच गाव भरलेलं आहे. दुपारनंतर अवकाळीचे ढग जमायला लागण्याचे हेच दिवस. मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा माणसं आणि जनावरं घेऊन जातात. म्हणून एका शिक्षकाला सांगितलं आहे, की विजेपासून बचाव या विषयावर पंधरा मिनिटं बोला.

बहुतेक वेळा पुढं काय होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. शिक्षक उभे राहतात. व्यासपीठावरच्या एकेका माणसाचं नाव पदासकट घेतात, एखादं राहिलं तर मागं वळून तेही घेतात. संधी दिल्याबद्दल आभार मानतात. मग म्हणतात, ‘वीज ही एक नैसर्गिक आपत्ती आहे.’ तोवर दोन-अडीच मिनिटं गेलेली असतात आणि मागच्या रांगेत चुन्याची डबी फिरायला लागलेली असते. वाक्य खोटं नाही. पण ते ऐकून कुणाच्याही डोक्यात पुढचा प्रश्न उभा राहत नाही, आणि जिथं प्रश्न नाही तिथं उत्तर ऐकायला माणूस थांबत नाही.

नावं घेऊच नयेत, थेट गोष्टीला हात घालावा, असा सल्ला भाषणकलेची पुस्तकं देतात. गावात तो चालत नाही. ज्येष्ठ माणसाचं नाव वगळलं तर पुढची पंधरा मिनिटं तो माणूस आणि त्याच्या शेजारचे चौघे विजेबद्दल नव्हे, त्या वगळण्याबद्दल विचार करतात. त्यावर साधा उपाय आहे. पदं एका दमात घ्यायची: ‘सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, सगळी वडीलधारी मंडळी आणि माझ्या आया-बहिणी, रामराम.’ आठ सेकंद. आभार शेवटी मानता येतात. खरा प्रश्न नवव्या सेकंदाला काय बोलायचं हा आहे.

हुशार वक्ता इथं एखादी जबरदस्त गोष्ट शोधतो. विजेवर तर अशी गोष्ट तयारच आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रॉय सुलिव्हन नावाचा वनरक्षक होता. १९४२ ते १९७७ या काळात त्याच्यावर सात वेळा वीज पडली आणि सातही वेळा तो वाचला. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. ही गोष्ट उमापूरच्या सभेत सांगितली तर डबी थांबेल, माना वर होतील, ‘आरं बाप रं’ असा आवाजही येईल. वक्त्याला वाटेल, सभा जिंकली.

माझ्या मते इथंच सभा हातातून गेली. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आता दोन गोष्टी बसल्या आहेत. एक, वीज म्हणजे नशिबाचा खेळ. दोन, वीज पडूनही माणूस वाचतो. बचावाचे उपाय सांगायला उभ्या राहिलेल्या माणसानं पहिल्याच मिनिटात उपायांखालची जमीन काढून घेतली. पुढं तो ‘झाडाखाली थांबू नका’ म्हणेल तेव्हा कुणीतरी मनात म्हणेलच, ज्याचं मरण असेल त्याला कुठंही गाठतं.

हा नुसता तर्क नाही. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले, आणि योगायोग असा की त्यांनी निवडलेला धडासुद्धा वीज कशी तयार होते हाच होता. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला साधा धडा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला तोच धडा, पण मध्ये मध्ये वीज पडलेल्या माणसांचे थरारक किस्से पेरलेला. किस्से वाचणाऱ्यांना धड्याचा मुख्य भाग कमी आठवला, आणि त्यावर आधारलेले नवे प्रश्नही त्यांना कमी सुटले. पुढच्या एका प्रयोगात किस्से कधी सुरुवातीला, तर कधी शेवटी ठेवून पाहिले. सुरुवातीला ठेवलेल्या किश्शांनी जास्त नुकसान केलं, शेवटी ठेवलेल्यांनी कमी. दोघांनी काढलेला अर्थ असा, की सुरुवातीचा किस्सा वाचणाऱ्याच्या मनात चुकीचा विषय उभा करतो आणि नंतर येणारं सगळं तो त्या विषयाभोवती रचू पाहतो. त्यांचे प्रयोग वाचनावरचे होते, भाषणावरचे नव्हेत. तरी ऐकणारा तर मागचं पान उलटून पाहू शकत नाही, त्यामुळे भाषणात हा धोका कमी असेल असं मला वाटत नाही.

म्हणजे सुरुवात दोन कामं करते. लक्ष वेधते हे आपल्याला दिसतं. पुढचं सगळं कशाच्या संदर्भात ऐकायचं हेही ती ठरवते, आणि ते दिसत नाही. बहुतेक वक्ते पहिल्या कामावर खूश होऊन बसतात.

मग सुरुवात निवडायची कशी? याचं सगळ्यात चोख उत्तर मला पंचतंत्रात सापडतं. तिथला सांगणारा गोष्ट कधी ‘एका जंगलात’ म्हणून सुरू करत नाही. आधी तो शेवट सांगून टाकतो. करटक दमनकाला म्हणतो, की नसत्या कामात नाक खुपसणारा त्या पाचर उपटणाऱ्या माकडासारखा मरतो. दमनक विचारतो, ‘ते कसं?’ आणि मग गोष्ट सुरू होते. माकड मेलं हे कळलेलं आहे, पाचर उपटली हेही कळलं आहे. पाचर उपटल्यानं मरण कसं आलं, एवढाच मधला दुवा गायब आहे. तो दुवा मागायला ऐकणारा स्वतः तोंड उघडतो. जॉर्ज लोवेनस्टाईन या अर्थशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये कुतूहलाचा सिद्धांत मांडला तो याच जातीचा आहे. माणसाला ज्यातलं काहीच माहीत नाही त्याबद्दल कुतूहल वाटत नाही. बरंचसं माहीत असून मधली एक जागा रिकामी दिसली, की मात्र ती टोचते.

आता उमापूरच्या शिक्षकाकडे परत येऊ. गावाला विजेबद्दल काय माहीत आहे? वीज झाडावर पडते, हे माहीत आहे. झाडाखाली बांधलेली जनावरं मरतात, हे पाहिलेलं किंवा शेजारच्या गावातून ऐकलेलं आहे. रिकामी जागा कुठं आहे? ती अशी विचारता येते:

‘बांधावरच्या लिंबावर वीज पडली. म्हैस लिंबाला टेकून नव्हती, दहा हात लांब दावणीला होती. झाड अजून उभं आहे. म्हैस जागेवर मेली. वीज पडली झाडावर, मग म्हैस कशानं मेली?’

इथं थांबायचं. खरोखर थांबायचं, मनात चार-पाच अंक मोजून. वक्त्याला ही शांतता फार लांब वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. थांबलं तर कुणीतरी म्हणेल, ‘हवेतून झेप घेतली असंल.’ कुणी म्हणेल, ‘आवाजानं काळीज फाटलं.’ माणसानं एकदा आपला अंदाज बोलून दाखवला, की तो बरोबर निघतो की नाही हे पाहायला तो थांबतोच.

या सुरुवातीची खरी ताकद अशी, की तिचं उत्तर म्हणजेच भाषणाचा गाभा आहे. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत उतरते आणि तिथं नाहीशी होत नाही. ती मातीतून चारी बाजूंना पसरते. खोडाजवळ दाब जास्त, लांब जावं तसा कमी. त्या जमिनीवर पाय फाकून उभं राहिलं, तर एका पायाखाली दाब जास्त आणि दुसऱ्याखाली कमी असतो, आणि त्या फरकापोटी वीज एका पायानं वर चढून दुसऱ्यानं खाली उतरते. माणसाच्या दोन पावलांत दोन-अडीच फुटांचं अंतर, म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय पुढच्या पायातून मागच्या पायाकडे जाणारी वाट छातीतून, म्हणजे काळजावरून जाते. म्हणून झाडाखालची जनावरं एकदम मरतात आणि जवळचा माणूस कधी कधी फेकला जाऊनही वाचतो.

विजेच्या इजांचा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज असा आहे, की वीज पडून मरणाऱ्या शंभर माणसांपैकी थेट अंगावर वीज पडलेली तीन ते पाचच असतात. जवळपास निम्मी माणसं जमिनीतून पसरलेल्या विजेनं मरतात. उरलेली झाडावरून किंवा खांबावरून बाजूला उडी मारणाऱ्या विजेनं, तारेला किंवा नळाला हात लागल्यानं आणि अशाच इतर वाटांनी. हा आकडा चकित करणारा आहे आणि तोही सुरुवातीला वापरता येईल. पण तो सरळ सांगून टाकला तर वाया जातो, कारण ‘शंभरात तीन ते पाच’ ऐकून कुणाच्या मनातलं काही मोडत नाही. आधी विचारायला हवं: ‘वीज पडून शंभर माणसं गेली, तर त्यातल्या किती जणांच्या थेट अंगावर पडली असेल?’ लोक ऐंशी-नव्वद म्हणतील. मग आकडा सांगायचा. आधी स्वतःचा अंदाज चुकलेला असला तरच आश्चर्य वाटतं.

म्हशीच्या प्रश्नानंतर सूचना आपोआप रांगेनं येतात, त्यांची यादी पाठ करावी लागत नाही. झाडाखाली का नाही? कारण वीज खोडातून उतरते ती जमीन तिथलीच. उघड्या गोठ्यात, पत्र्याच्या छपराखाली का नाही? भिंती नाहीत, खालची जमीन तीच. पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या चारचाकीत का? तिथं वीज बाहेरच्या बाहेर उतरून जाते. रानात एकटंच सापडलं तर पाय जोडून उकिडवं बसा म्हणतात ते का? दोन पायांत अंतरच उरत नाही. मात्र ती शेवटची पळवाट आहे, संरक्षण नव्हे, हे त्याच दमात सांगायला हवं. आणि वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजायचे: तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर घर गाठायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, ते इथं सांगावं. पहिल्या मिनिटात सांगितलं तर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतील.

प्रश्नानं सुरुवात करण्यात महाराष्ट्रात गाडगेबाबांच्या तोडीचा माणूस झाला नाही. दिवसा गाव झाडून काढायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं, हा त्यांचा क्रम. अभंगाचं शास्त्रशुद्ध निरूपण ते करत नसत. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि माणसं मोठ्यानं उत्तर देत. १९५६ मध्ये, निधनाच्या काही आठवडे आधी, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आहे. बाबांची पद्धत लक्ष देऊन पाहिली की तिचं तंत्र कळतं. पहिला प्रश्न इतका सोपा, की उत्तर एका शब्दात येतं आणि ते अंगठेबहाद्दरालाही देता येतं. दुसरा त्याला चिकटून. तिसऱ्या-चौथ्या ‘हो’ला गाव अशा जागी पोचतं, जिथं आपलंच उत्तर आपल्या चालीरीतीच्या आड येतं. कर्ज काढून केलेली लग्नं, नवसाचा बोकड, अस्पृश्यता हे सगळं बाबांनी असंच लोकांच्या तोंडून वदवून घेतलं.

याच्या अगदी उलट प्रश्न शिकलेले वक्ते विचारतात: ‘तुमच्यापैकी किती जणांनी विजेच्या निर्मितीची प्रक्रिया वाचली आहे?’ यात हात न उचलणाऱ्याचा अपमान आहे. ‘आपण निसर्गाशी कसं वागतो?’ हा दुसरा वाया गेलेला नमुना. याला उत्तर नाही, आणि उत्तराची अपेक्षाही नाही हे सभेला लगेच कळतं. प्रश्न विचारायचा असेल तर तो असा हवा, की रांगेतल्या कुठल्याही माणसाकडे त्याचं काहीतरी उत्तर असेल आणि चुकलं तरी लाज वाटणार नाही. म्हैस का मेली याचं उत्तर कुणाचंच बरोबर नसतं, म्हणून ते सगळ्यांना देता येतं.

उमापूरमध्ये आणखी एक सुरुवात मोह पाडेल. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसावर, म्हणजे पायाळूवर, वीज पडते अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. वक्त्याला वाटतं, इथूनच सुरुवात करू: ‘गावात पायाळू कोण कोण?’ हशा नक्की मिळेल. पण सभेत एखादा पायाळू बसलेला असतो आणि त्याला लहानपणापासून पावसात सगळ्यांनी बाजूला काढलेलं असतं. त्याहून मोठी अडचण अशी, की समजूत आधी ठसठशीत सांगितली आणि खोडून काढणं मागाहून आलं, तर घरी जाताना लोकांच्या लक्षात समजूतच राहते. ती मोडायची तर म्हशीचं कारण समजल्यावर मोडावी. वीज पाय फाकलेत की जोडलेत एवढंच पाहते, जन्म कसा झाला ते पाहत नाही, एवढं म्हटलं की पुरतं. मेलेल्या माणसाची गोष्ट सांगतानाही हेच भान हवं. गेल्या वर्षी वीज पडून गेलेल्या माणसाचं घर याच सभेत बसलेलं असू शकतं. शहरातल्या सभागृहात ही काळजी घ्यावी लागत नाही. गावात म्हशीनं भागत असेल तर माणसाकडे जाऊ नये.

आता एक आक्षेप. बीड हा कीर्तनकारांचा जिल्हा. भगवानगडाचा नारळी सप्ताह या भागात दरवर्षी वेगळ्या गावात भरतो. आणि कीर्तनात तर गोष्टीनं सुरुवात होतच नाही. नारदीय पद्धतीत आधी नमन, मग पूर्वरंगात तात्त्विक निरूपण, मध्ये नामगजर आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान. म्हणजे गोष्ट चक्क दुसऱ्या अर्ध्या भागात. वारकरी कीर्तनातही आधी गजर, मग अभंग, मग चिंतन. तरी हजारो माणसं बसून राहतात, ती कशी?

याचं उत्तर त्यांच्या बसण्यातच आहे. कीर्तनाला आलेला माणूस लक्ष घेऊनच आलेला असतो. टाळ, मृदंग आणि वीणा यांनी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सगळ्यांचे हात आणि आवाज एका लयीत आणलेले असतात. वक्त्यानं पहिल्या वाक्यात करायचं काम तिथं टाळकऱ्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं. तरीही मुरलेला कीर्तनकार अभंग म्हणून झाल्यावर गप्प बसत नाही. तो अभंगावरच शंका काढतो: महाराज असं का म्हणाले, मागच्या चरणात तर वेगळंच म्हणाले होते? गजर संपून बोलणं सुरू होतं त्या क्षणी त्यालाही रिकामी जागा दाखवावी लागते. ग्रामसभेत टाळ नाहीत, माणसं रेशनच्या तक्रारी आणि घरकुलाची यादी डोक्यात घेऊन आलेली असतात. तिथं कीर्तनाचा क्रम उचलून तात्त्विक निरूपण आधी ठेवलं तर फसतं.

प्रश्न टाकला, लोक थांबले, आता तो उधारीवर किती वेळ ठेवायचा? पंधरा मिनिटांच्या भाषणात सुरुवात दीड मिनिटाच्या पुढं जाऊ नये आणि उत्तर पाचव्या-सहाव्या मिनिटाच्या आत मिळायला हवं. काही वक्ते उत्तर मुद्दाम शेवटपर्यंत दाबून ठेवतात. तोवर लोकांनी आपापसात उत्तर ठरवलेलं असतं किंवा प्रश्न विसरलेला असतो. दहाव्या मिनिटाला हळूच ‘पण मग आता करायचं काय?’ असा नवा छोटा प्रश्न उघडला तर शेवटची पाच मिनिटंही टिकतात.

सुरुवात बरोबर निवडली की चुकली, हे टाळ्यांवरून कळत नाही. भाषण लिहून झाल्यावर पहिला परिच्छेद काढून टाकून पाहावा. बाकीचं भाषण जसंच्या तसं उभं राहत असेल, तर ती सुरुवात बाहेरून आणून चिकटवलेली होती. म्हशीचा प्रश्न काढला तर जमिनीतून पसरणाऱ्या विजेचा भाग अधांतरी होतो. सुलिव्हन काढला तर काहीच हलत नाही. दुसरी खूण दोन दिवसांनी मिळते. सभेला आलेल्या एखाद्याला सहज विचारावं, परवा काय सांगितलं? तो ‘म्हशीचं काहीतरी होतं’ एवढंच म्हणाला, तर गोष्ट राहिली आणि मुद्दा गेला. ‘वीज पायातून चढते म्हणं’ असं म्हणाला, तर काम झालं.

आणि कधी कधी सुरुवातीला काहीच लावायचं नसतं. बाहेर खरोखर गडगडत असेल, तर म्हैस वगैरे बाजूला ठेवून पहिलं वाक्य एकच: ‘झाडाखाली थांबलेल्यांनी आधी शाळेच्या खोलीत यावं.’ पीक विम्याची मुदत उद्या संपत असेल, तर पहिले शब्द उद्याच्या तारखेचे. ऐकणाऱ्याला आधीच घाई असते तेव्हा आकर्षक सुरुवात म्हणजे आडवा घातलेला पाय.

राहिली मदतीची माहिती. वीज पडून माणूस गेला तर सरकारी निकषांप्रमाणे वारसांना ४ लाख रुपये मिळतात, जनावरांसाठी वेगळी रक्कम आहे. त्यासाठी तलाठ्याला लगेच कळवणं, पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं; प्रेत किंवा जनावर त्याआधी पुरून टाकलं तर प्रकरण अडकतं. ही माहिती गावाला हवीच असते आणि शिक्षकाला वाटतं, लक्ष वेधायला हीच पुढं घ्यावी. तसं केलं तर पुढची पंधरा मिनिटं कुणाचा पंचनामा का रखडला यावर जातात, आणि पाय जोडायचं राहून जातं. ती शेवटच्या दोन मिनिटांत सांगावी, कागदांची नावं फळ्यावर लिहून.